अर्धजागा

घर झोपलं की तासा-दीड तासानं तो उठतो. आधी अंथरुणात बसतो आणि चादरीचं टोक चिमटीत धरून चाळवत राहतो, जणू तिथे काही सांडलंय. मग पाय खाली सोडतो. सिनेमात दाखवतात तसे हात पुढे पसरून तो कधीच चालत नाही. हात दोन्ही बाजूंना सैल असतात आणि डोळे चक्क उघडे. नजर मात्र काचेरी असते, समोरच्याच्या आरपार जाणारी. कपाट उघडतो, फ्रीज उघडतो, पाण्याचा तांब्या उचलून पुन्हा आहे तिथे ठेवतो. कधी चपलांच्या रॅकपाशी उभा राहून तिथेच लघवी करतो. कुणी विचारलं, ‘काय रे, कुठे निघालास?’ तर ‘हं’ म्हणतो, किंवा ‘बॅग कुठाय’ असं काहीतरी, ज्याचा त्या प्रश्नाशी संबंध नसतो. पाच-दहा मिनिटांनी परत येतो, नाहीतर सोफ्यावरच आडवा होतो. सकाळी ज्याच्या अंगात तो आला होता त्याला विचारावं, तर तो म्हणतो, ‘मी? छे!’

खोटं बोलत नसतो तो. रात्री उठलेला हा गृहस्थ आणि सकाळी दात घासणारा गृहस्थ यांची एकमेकांशी ओळखच नसते. देह एक, घर एक, चपलांचा जोडही एकच. पण एकाचं दुसऱ्याला काही ठाऊक नाही. रात्रीच्या या गृहस्थाला मी अर्धजागा म्हणतो. डॉक्टर त्याला निद्राभ्रमण म्हणतात, आजी ‘बाहेरचं’ म्हणायची आणि दारात मीठ-मोहऱ्या ओवाळायची.

त्याच्याबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज असा, की तो स्वप्नात चालतो. पटण्यासारखंच आहे ते. उघडे डोळे, कुणाशीतरी चाललेलं बोलणं, कुठेतरी निघालेले पाय. पण ज्या झोपेत आपल्याला ठसठशीत, कथानक असलेली स्वप्नं पडतात, त्या झोपेत चालणं शक्यच नसतं. त्या वेळी मेंदूच्या बुंध्यातून मणक्याकडे एक हुकूम जातो आणि हातापायांचे स्नायू लुळे पडतात. डोळे तेवढे पापण्यांखाली भिरभिरत राहतात. निसर्गाने ही सोय केली नसती तर स्वप्नात वाघ मागे लागल्यावर आपण खरोखरच खिडकीतून उडी टाकली असती.

अर्धजागा येतो तो नेमका दुसऱ्या टोकाच्या झोपेतून. डोळा लागल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आपण गाढ झोपेच्या तळाशी जातो. डोक्याला तारा लावून कागदावर मेंदूतली वीज उमटवली, तर या तळाशी मोठाल्या, संथ लाटा दिसतात, सेकंदाला एक-दोन. लाखो पेशी एकाच वेळी पेटतात आणि एकाच वेळी गप्प होतात, आणि या सामुदायिक गप्प होण्यातच गाढ झोपेचं गाढपण असतं. ही झोप रात्रीच्या पहिल्या एकतृतीयांश भागात सर्वांत जास्त असते आणि पहाटेकडे विरळ होत जाते. त्यामुळे अकराला झोपलेल्या घरात तो साधारण बारा ते दोनच्या दरम्यान उठतो. पहाटे पाचला कुणी उठून तरातरा चालू लागलं, तर तो बहुधा अर्धजागा नसतो; दुसरंच कुणीतरी असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

१९६५ साली लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत काही झोपेत चालणाऱ्या मुलांना लांबलचक तारा लावून झोपवलं. तारा एवढ्या लांब, की मूल उठून खोलीभर फिरलं तरी निसटू नयेत. मुलं उठली, फिरली, आणि कागदावर दिसल्या त्या गाढ झोपेच्याच लाटा. गाढ झोपलेल्या अशा मुलाला नुसतं धरून पायांवर उभं केलं, तरी तो चालू लागे, हेही त्या काळात ध्यानात आलं. तीन वर्षांनी रॉजर ब्रॉटन या कॅनडातल्या संशोधकाने ‘सायन्स’मध्ये नेमकं बोट ठेवलं. त्याचं म्हणणं, की हा आजार झोपेचा नाही आणि स्वप्नाचाही नाही. तो जागं होण्याचा आहे. तळातून वर यायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत अडकतो. मला हे वाक्य अर्धजाग्याची जन्मपत्रिका वाटतं.

पण अर्ध्या वाटेत अडकतो म्हणजे काय? सगळा मेंदू थोडाथोडा जागा, की थोडा मेंदू पुरता जागा? हे कळायला बर्नमधली एक रात्र यावी लागली.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात क्लाउदिओ बासेत्ती आणि त्यांचे सहकारी एका सोळा वर्षांच्या मुलाला तपासत होते. मुलगा झोपेत चालायचा. प्रश्न असा होता, की चालता चालता त्याच्या मेंदूचं छायाचित्र घ्यायचं कसं? यंत्र भलंमोठं, त्यात डोकं न हलवता पडून राहावं लागतं, आणि झोपेत चालणारा काही पडून राहत नाही. त्यांनी युक्ती केली. किंचित किरणोत्सारी असं एक द्रव्य शिरेतून सोडलं, की ते रक्ताबरोबर मेंदूत जातं आणि जिथे रक्त जास्त वाहत असेल तिथे जास्त प्रमाणात अडकून बसतं, आणि तेही मिनिटा-दोन मिनिटांत. एकदा अडकलं की तासाभराने यंत्राखाली नेलं तरी चित्र निघतं ते सुई दिली त्या क्षणाचं. म्हणून मुलाच्या हातात आधीच नळी बसवून ठेवली आणि सगळे वाट पाहत बसले. गाढ झोपेतून तो उठला. उठल्यापासून चोवीस सेकंदांनी द्रव्य सोडलं गेलं.

चित्र आलं ते असं. त्याच मुलाच्या साध्या गाढ झोपेशी ताडून पाहिलं, तर दोन जागी रक्तप्रवाह बराच वाढलेला होता. एक जागा लहान मेंदूच्या मध्यभागी, जिथून चालण्याचा तोल आणि ताल राखला जातो. दुसरी मोठ्या मेंदूच्या दोन गोलार्धांच्या मधल्या पट्ट्यात, मागच्या बाजूला. आणि कपाळामागचा भाग, तसंच डोक्याच्या वरच्या बाजूचा, जिथे आपण कुठे आहोत, काय करतो आहोत आणि हे करावं की नाही याचा हिशेब चालतो, तिथला रक्तप्रवाह जाग्या माणसाच्या तुलनेत अगदी कमी. तो भाग झोपलेलाच होता. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन पानांत हे छापून आलं. एकाच मुलाची एकच रात्र, हे खरं. एवढ्यावर सिद्धान्त उभारणं धाडसाचं होतं.

नऊ वर्षांनी इटलीतून त्याला दुजोरा मिळाला, आणि तोही अनपेक्षित. मिलानमध्ये अपस्माराच्या एका रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूच्या आत खोलवर तारा बसवल्या होत्या, झटका नेमका कुठून सुरू होतो ते शोधायला. एका रात्री त्याच्यावर आला तो अर्धजागा: झोपेतून गोंधळून उठणं. तारा जागच्या जागी असल्याने पहिल्यांदाच आतून ऐकू आलं. हालचाल घडवणारा भाग आणि मधला पट्टा जाग्या माणसासारखे खडखडीत चालू होते. त्याच क्षणी, काही सेंटिमीटरवर, कपाळामागचा आणि वरचा भाग संथ लाटांवर डुलत होता. पुढे त्याच गटाने हिप्पोकॅम्पसमध्येही, म्हणजे घडलेलं नोंदवून ठेवणाऱ्या भागात, झोपेचीच खूण दाखवली.

आपल्याकडे गावात एक फेज जाते तेव्हा काय होतं ते आठवा. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, पण हॉलमध्ये अंधार. पंखा फिरतो, पंप चालत नाही. ‘लाइट आहे का?’ या प्रश्नाला हो म्हणावं की नाही म्हणावं ते कळत नाही. अर्धजाग्याच्या डोक्यात हेच चाललेलं असतं.

एकदा हे ध्यानात घेतलं, की त्याच्या स्वभावातल्या विसंगती विसंगती राहत नाहीत. तो चालतो, कारण चालणाऱ्या भागाची फेज आहे. टेबलाला वळसा घालतो, कडी काढतो, कारण ही सवयीची कामं आहेत. त्यांना कपाळामागच्या विचारी साहेबाची सही लागत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि तळमजल्यावरचं अंगण यांतला फरक त्याला कळत नाही, कारण ते कळणारा साहेब घोरतोय. सकाळी काही आठवत नाही, कारण नोंदवहीच उघडली नव्हती. सगळेच मात्र कोरे नसतात. मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना एखादं तुटक दृश्य आठवतं, बहुधा संकटाचं: छत कोसळतंय, बाळ पडतंय, घरात कुणी शिरलंय. पण ते अर्ध्या जागेपणातलं दृश्य आहे, पूर्ण स्वप्न नव्हे.

दुखण्याचंही असंच. मोंपेलिएच्या रेजी लोपेझ यांनी झोपेत चालताना जखमी झालेल्या माणसांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की लागलं तेव्हा काही जाणवलं नाही. एकाने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून उडी टाकली होती, हाडं मोडली होती. वेदना जाणवल्या त्या नंतर जाग आल्यावर. म्हणजे हा गृहस्थ भिंतीला धडकला तर ‘आई गं’ म्हणून जागा होईल, या भरवशावर राहू नये.

आता त्याच्या बोलण्याकडे. बोलणं ही खरं म्हणजे त्याची एकट्याची मिरास नाही. झोपेच्या कुठल्याही थरातून माणूस बोलू शकतो, अगदी स्वप्नाच्या झोपेतूनही, आणि बहुतेक वेळा त्यात आजाराचा लवलेशही नसतो. बरळणारी माणसं न बरळणाऱ्यांइतकीच निरोगी असतात. पण बोलण्यावरून घरात जेवढी भांडणं होतात तेवढी चालण्यावरून होत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

पॅरिसच्या पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालयात इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटाने झोपेतलं बोलणं रीतसर ध्वनिमुद्रित करून तपासलं: २३२ माणसं, ८८३ उद्गार. त्यांत झोपेत चालणारे होते, स्वप्नात हातपाय झाडणारे होते, थोडे निरोगीही होते. निम्म्याहून अधिक उद्गारांत शब्दच नव्हते. पुटपुटणं, कुजबुज, हसणं, ओरडणं. पण जिथे शब्द होते तिथे व्याकरण धडधाकट होतं. वाक्याची बांधणी जागेपणासारखीच, आणि मध्ये मध्ये थांबणंही असं, की समोरचा उत्तर देतोय आणि हा ऐकून घेतोय. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द कोणता? ‘नाही.’ शिव्याही चांगल्याच होत्या. दिवसा सभ्यपणे ‘हो साहेब’ म्हणणारा माणूस रात्री अदृश्य माणसाशी हुज्जत घालतो: नको, सोड, चल निघ.

व्याकरण शाबूत राहतं, हे मला त्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. वाक्य रचणं हे आपण बुद्धीचं काम समजतो. पण ते लहानपणापासून एवढं मुरलेलं असतं, की कडी काढण्याइतकंच सवयीचं झालेलं असावं.

आपल्याकडे असा समज आहे, की झोपेत माणूस खरं बोलतो. त्यावर लग्नं हादरल्याचं ऐकलंय: झोपेत कुणाचं तरी नाव घेतलं म्हणून तीन दिवस अबोला. हा समज मला सरळ अन्यायाचा वाटतो. खरं बोलणं म्हणजे काय घडलं ते आठवणं आणि तसं सांगणं. इथे आठवणारा भाग झोपलेला, सांगू की नको ठरवणारा भागही झोपलेला. उरतं ते जिभेवर रुळलेलं. त्यात दिवसाचे तुकडे मिसळतात, नावंही मिसळतात. पण कुठला तुकडा कुठे चिकटला याचा जबाब कुणाकडेच नसतो. अर्धजाग्याची साक्ष कुठल्याही घरगुती कोर्टात ग्राह्य धरू नये. लेडी मॅकबेथ झोपेत हातावरचे डाग धुताना खून कबूल करते, ते नाटक म्हणून उत्तमच आहे. पण शेक्सपिअरला कबुलीजबाब हवा होता, म्हणून तो तिने दिला.

घराण्याचा विचार केला, तर अर्धजागा खानदानी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे दोन हजार मुलांवर जन्मापासून अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. आई-वडील दोघंही कधी झोपेत चालले नव्हते, अशा घरांतल्या साधारण २२ टक्के मुलांमध्ये तो कधी ना कधी आला. दोघांपैकी एक चालत असेल तर ४७ टक्क्यांमध्ये. दोघंही चालत असतील तर ६१ टक्क्यांमध्ये. दहाव्या वर्षाच्या आसपास त्याचा मुक्काम सर्वांत जास्त असतो. त्याचं कारणही त्या संथ लाटांमध्येच आहे. मुलांची गाढ झोप भरपूर आणि फार खोल असते. तळ खोल, म्हणून वर येताना अडकायला वाव जास्त. वयात येताना ही झोप उथळ होत जाते आणि बहुतेक घरांतून तो आपण होऊन निघून जातो.

पण बीज असणं वेगळं आणि त्याने उठणं वेगळं. त्याला दोन गोष्टी लागतात: खोल खेचणारी एक आणि वर ढकलणारी दुसरी. माँट्रियलमध्ये अँटोनिओ झाड्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत चालणाऱ्यांना पंचवीस तास जागं ठेवलं आणि मग झोपू दिलं. तुंबलेल्या झोपेमुळे ते नेहमीपेक्षा खोल गेले. मग गाढ झोपेत असताना कानाशी आवाज केला. अर्धजागा उठला. हाच आवाज न चालणाऱ्या माणसांपाशी केला, तेव्हा ती एक तर कूस बदलून झोपली किंवा सरळ जागी झाली. मधल्या पायरीवर कुणी अडकलं नाही.

ही जोडी एकदा कळली, की घरातला हिशेबही सुटतो. लग्नघरात रात्रभर जागरण करून दुसऱ्या रात्री परक्या घरी गाद्यांच्या रांगेत झोपलेला मुलगा का उठतो? जागरणाने त्याला खोल नेलं, आणि कुणीतरी कूकरचं झाकण पाडलं त्याने वर ढकललं. ताप खोल नेतो. भरलेलं मूत्राशय वर ढकलतं, म्हणून तर चपलांचा रॅक. आणि सगळ्यात दुर्लक्षित ढकलणारा म्हणजे कोंदलेला श्वास. टॉन्सिल वाढलेलं मूल घोरतं, श्वास अडतो, मेंदू त्याला अर्धवट उठवतो, आणि उठतो तो नेमका अर्धजागा. स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गिलेमिनो यांनी २००३ साली दाखवलं, की अशा मुलांच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली तेव्हा झोपेतलं चालणंही थांबलं. म्हणून तोंड उघडं टाकून घोरणारं मूल रात्री चालत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं दार वाजवावं, असं माझं मत आहे. झोपेच्या काही गोळ्याही, विशेषतः झोलपिडेम, मोठ्या माणसांत त्याला उठवतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१९ साली तिच्या वेष्टनावर ठळक चौकटीत तसा इशारा सक्तीचा केला.

आता तोतयांविषयी. साठीच्या पुढचा पुरुष पहाटे अंथरुणातच हातपाय झाडतो, बायकोला ठोसा लगावतो, ओरडतो, आणि हलवल्यावर लगेच शुद्धीत येऊन सांगतो, ‘कुत्रं मागे लागलं होतं.’ हा अर्धजागा नव्हे. स्नायू लुळे ठेवणारा तो मघाचा हुकूमच इथे पोचेनासा झालाय, म्हणून माणूस स्वप्न अंगाने खेळतो. मिनेपोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं. पुढे दिसून आलं की यांतल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला आजार होतो. हे ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. दुसरा तोतया अपस्माराचा: एकाच रात्रीत अनेकदा येतो, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल करतो आणि मिनिटाच्या आत संपतो. अर्धजाग्याला असा काटेकोरपणा जमत नाही. तो दर वेळी काहीतरी नवीन चाळा करतो. डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर एखादा व्हिडिओ आणि किती वाजता, किती वेळ, सकाळी काय आठवलं एवढं लिहिलेलं चिठोरं नेलं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

त्याच्याशी वागायचं कसं? ‘हाक मारू नये, जागं केलं तर जीव जातो,’ असं मोठी माणसं सांगत. जीव जात नाही. पण जागं करण्यात फायदाही नाही, आणि दंड धरून गदागदा हलवण्यात खरा धोका आहे, तो हलवणाऱ्याला. चेहरे ओळखणारा आणि विचार करणारा भाग झोपलेला असताना कुणी अंगावर आलं, तर अर्धजागा त्याला हल्लेखोर समजतो आणि झटापट करतो. कॅनडात १९८७ साली टोरोंटोजवळचा तेवीस वर्षांचा एक तरुण रात्री उठला, सुमारे तेवीस किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, आणि तिथे सासूचा खून झाला, सासरे जबर जखमी झाले. तो रक्ताळलेल्या हातांनी स्वतःच पोलिस चौकीत गेला. हातांचे स्नायुबंध कापले गेले होते, तरी वेदनेचं नाव नव्हतं. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. हा खटला जगभर सांगितला जातो, पण तो अपवादातला अपवाद आहे. बहुतेक घरांत अर्धजागा जास्तीत जास्त फ्रीजचं दार उघडं टाकतो.

तेव्हा हळू आवाजात, छोट्या वाक्यांत, ‘चल, झोपूया’ म्हणत खांद्याला नुसता स्पर्श करून वळवावं. बरेचदा वळतो. दाराला वरची कडी लावावी, नेहमीच्या सवयीच्या उंचीवर नको. त्याला फक्त सवयीच्या जागाच ठाऊक असतात. उन्हाळ्यात कठडा नसलेल्या गच्चीवर त्याचं अंथरूण घालू नये, आणि सहलीच्या बसमधून जागरण करून आलेल्या मुलाला बंक बेडच्या वरच्या मजल्यावर देऊ नये. मूल रोज एकाच सुमाराला उठत असेल, तर एक सोपा उपाय आहे: त्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं त्याला हलकेच जागं करावं, दोन शब्द बोलावं, पुन्हा झोपू द्यावं, असं काही आठवडे. आपण आधीच त्याला तळातून पुरतं वर आणलेलं असतं, त्यामुळे त्या रात्री अडकायला पायरीच उरत नाही. आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्याची नक्कल करून हसू नये. ज्याच्यावर हसतोय तो त्या टेबलाशी नसतोच, आणि जो असतो त्याला पुढच्या रात्री झोपायची भीती वाटू लागते. मग झोप उडते, झोप तुंबते, आणि अर्धजाग्याचं आणखी फावतं.